पाणीपुरवठा विभागाच्या प्रशिक्षणाची गरज अंदाजपत्रकाआधी कशी ठरवावी?

पाणवठा

नमस्कार. मी एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. आमचे जलशुद्धीकरण केंद्र दररोज सुमारे १ कोटी लिटर पाणी शुद्ध करते. केंद्रावर तीन पाळ्यांत मिळून १२ ऑपरेटर आहेत, गावात ३० व्हॉल्व्हमन आहेत, आणि एक केमिस्ट आहेत जे फक्त दिवसपाळीत असतात. ऑपरेटरांपैकी निम्मे आणि व्हॉल्व्हमनपैकी काही जण ठेकेदारामार्फत आलेले आहेत.

पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी प्रशिक्षणाची मागणी जानेवारीअखेर द्यायची आहे. आजवर मागील वर्षाच्या रकमेत थोडी वाढ करून मागणी जात असे, आणि पैसे मंजूर झाल्यावर टपालाने आलेल्या माहितीपत्रकांतून अभ्यासक्रम निवडले जात. या वर्षी मुख्याधिकाऱ्यांनी "गरज कशावरून ठरवली?" असा शेरा मारून मागणी परत पाठवली. त्यावर मी सर्वांना एक फॉर्म वाटला आणि कोणते प्रशिक्षण हवे ते लिहून घेतले. बहुतेकांनी संगणक लिहिले, काहींनी तणाव व्यवस्थापन लिहिले, आणि क्लोरीन किंवा तुरटी हा शब्द एकाही फॉर्मवर आला नाही. दुसरीकडे शेवटच्या नळांना अवशिष्ट क्लोरीन मिळत नाही अशी तक्रार वर्षभर आहे आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याची तक्रार ठरलेली आहे. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडून गरज कशी काढायची, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

लेखापाल

यात फार अवघड काही नाही. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात वेतनावरील तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या विभागाच्या वेतनाचा आकडा घ्या, त्याचे अडीच टक्के काढा, आणि धोरणाचा हवाला देऊन मागणी करा. रकमेला आधार मिळाला की शेरा आपोआप निकाली निघेल.

सुहास_ठाणे

शासनाच्या कौशल्य विकास योजनेतून तरुणांना मोफत प्रशिक्षण मिळते, त्यासाठी नगरपरिषदेने वेगळी तरतूद कशाला करावी? आमच्या भागातील केंद्रात प्लंबिंगचा अभ्यासक्रम चालतो. तिथे मुलांना पाठवता येईल.

पाणवठा

सुहासजी, त्या योजना रोजगार शोधणाऱ्यांसाठी आहेत. माझा प्रश्न सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल आहे. तरीही प्रतिसादाबद्दल आभार.

वसुधा_नि

मी अनेक वर्षे शासकीय विभागांसाठी प्रशिक्षण-गरजांचे विश्लेषण करत आले आहे आणि त्यांतले काही पाणीपुरवठ्याचे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम लेखापाल यांच्या मुद्द्याविषयी. २.५ टक्क्यांचा उल्लेख २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात आहे हे खरे, परंतु ते धोरण केंद्र सरकारच्या मंत्रालयांना आणि विभागांना उद्देशून आहे, त्यामुळे नगरपरिषदेला ते आपोआप लागू होत नाही. समजा ते लागू असते, तरी त्यातून पैसा किती बाजूला ठेवावा एवढेच कळले असते. तो कोणावर आणि कशासाठी खर्च करावा, हा मुख्याधिकाऱ्यांचा प्रश्न तसाच उरला असता.

पाणवठा, तुमच्या फॉर्ममधून जे आले ते अपेक्षितच होते. माणूस आपल्याला हवे ते लिहितो. जे आपल्याला येत नाही हेच ठाऊक नसते, ते तो लिहूच शकत नाही. म्हणून प्रशिक्षण हा शब्द काही काळ बाजूला ठेवा आणि कामात नेमके काय बिघडले आहे इथून सुरुवात करा. तुमच्याकडे त्याची नोंद आधीच आहे: अवशिष्ट क्लोरीनचे रजिस्टर, केंद्राचे लॉगबुक, प्रयोगशाळेकडून येणारे नमुन्यांचे अहवाल आणि तक्रार-नोंदवही.

क्लोरीनचे उदाहरण घेऊ. ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर अवशिष्ट क्लोरीन असावे हा मानक सर्वांना माहीत आहे. मागील वर्षातील ज्या ज्या नोंदी याहून कमी आहेत, त्या एका मोठ्या कागदावर मांडा. आडव्या रांगेत झोन आणि उभ्या रांगेत पाळ्या. कमतरता एकाच झोनमध्ये आणि सर्व पाळ्यांत दिसली, तर दोष बहुधा वाहिनीत, गळतीत किंवा टाकीत पाणी फार वेळ पडून राहण्यात आहे, आणि तिथे कोणालाही कितीही शिकवले तरी आकडा बदलणार नाही. कमतरता सर्व झोनमध्ये पण एकाच पाळीत दिसली, तर क्लोरीनची मात्रा ठरवणाऱ्या माणसाकडे किंवा त्याच्या हातातील साधनाकडे पाहावे लागेल. प्रशिक्षणाची शक्यता इथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट मांडणीपूर्वी तपासा, ती म्हणजे रजिस्टर खरे आहे का. प्रत्येक नोंद नेमकी ०.२ किंवा ०.५ असेल आणि मधला एकही आकडा नसेल, तर नोंदी टेबलावर बसून लिहिल्या गेल्या आहेत असे समजावे. ताळा करण्याचा सोपा मार्ग भांडारात आहे. दररोज १ कोटी लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा द्यायची तर रोज २० किलो क्लोरीन लागते, म्हणजे ९०० किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, ४५ दिवसांत संपायला हवा. लॉगबुकमध्ये मात्रा २ लिहिली आहे आणि साठा नोंदवहीप्रमाणे टनर ६० दिवस पुरला आहे, असे असेल तर प्रत्यक्षात सरासरी १.५ च गेले. हा ताळा न करता रजिस्टरवर आधारलेले विश्लेषण डळमळीत राहते.

लेखापाल

धोरण कोणाला लागू आहे याविषयीची दुरुस्ती मान्य आहे. साठा नोंदवहीचा ताळा मात्र लेखापरीक्षणातही उपयोगी पडेल, तो आम्ही कधी या अंगाने पाहिला नव्हता.

चाकणकर

आमच्या कारखान्यात हे काम कौशल्य तक्त्याने होते. एका बाजूला कामगारांची नावे, दुसऱ्या बाजूला कामे, आणि प्रत्येक चौकटीत १ ते ४ गुण. १ म्हणजे शिकतो आहे, २ म्हणजे देखरेखीखाली करतो, ३ म्हणजे स्वतंत्रपणे करतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. जिथे १ आणि २ आहेत तिथे प्रशिक्षण, एवढा सरळ हिशेब आहे. सुपरवायझर एका बैठकीत तक्ता भरू शकतो. आपल्या १२ ऑपरेटरांसाठी हे दोन तासांचे काम आहे, त्यासाठी वर्षभराच्या नोंदी खणण्याची गरज मला वाटत नाही.

रात्रपाळी

मी अशाच एका केंद्रावर ऑपरेटर आहे. वर फॉर्मचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही संगणक लिहितो कारण त्याचे प्रमाणपत्र पुढे सेवेत उपयोगी पडते. क्लोरीनचे लिहिले तर "इतकी वर्षे काम करता आणि येत नाही का" असे विचारले जाईल ही भीती असते. तक्त्याबद्दलही तेच. आमचे साहेब रात्री कधी आलेले नाहीत, मग मला रात्री काय येते याचे गुण ते कशावरून देणार?

तुरटीची योग्य मात्रा ठरवणाऱ्या जार टेस्टचे सांगतो. पावसाळ्यात नदीचे पाणी रात्री दोन वाजता एकदम लाल होते. केमिस्ट सकाळी दहाला येतात. जार टेस्टचे यंत्र प्रयोगशाळेत असते आणि किल्ली त्यांच्याकडे असते. तेव्हा आम्ही रंग पाहून तुरटी वाढवतो. कधी बरोबर येते, कधी येत नाही.

वसुधा_नि

रात्रपाळी यांनी जे लिहिले त्याची किंमत शंभर फॉर्मपेक्षा अधिक आहे, आणि चाकणकर यांच्या मुद्द्याचे उत्तरही त्यात आले आहे. तक्ता हे चांगले साधन आहे, पण तो स्मरणावरून भरला तर सुपरवायझरचा त्या माणसाविषयीचा ग्रह तेवढा कागदावर येतो. कारखान्यात सुपरवायझर दिवसभर त्याच ओळीवर उभा असतो, म्हणून तिथे ते बऱ्यापैकी चालते. इथे काम पाहूनच गुण द्यावे लागतील.

पाहायचे कसे, ते सांगते. प्रत्येक ऑपरेटरला आणि व्हॉल्व्हमनला त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या साहित्याने काम करायला सांगा आणि मध्ये बोलू नका. उदाहरणार्थ ओटी टेस्ट, म्हणजे द्रावण टाकून रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी. केमिस्टने दोन नमुने आधी मोजून ठेवावेत, एक ०.२ च्या आसपास आणि एक ०.६ च्या आसपास, आणि त्यांचे आकडे न सांगता ते व्हॉल्व्हमनला द्यावेत. माझ्या अनुभवात इथे दोन गोष्टी हमखास दिसतात. काही जण द्रावण टाकल्यावर बाटली बाजूला ठेवतात, तोटी बंद करतात, नोंदवही काढतात आणि मग रंग पाहतात. मुक्त क्लोरीनचा रंग पहिल्या काही सेकंदांत पाहायचा असतो, कारण नंतर संयुक्त क्लोरीनही रंग देऊ लागते आणि आकडा फुगतो. हे न कळणे ही खरी प्रशिक्षणाची गरज आहे, पण ती नळापाशी अर्ध्या तासात भागते आणि केमिस्ट स्वतः भागवू शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे द्रावण मुदतबाह्य असणे किंवा रंगपट्टी उन्हाने फिकी झालेली असणे. ती साहित्य खरेदीची बाब आहे. साहित्य घ्यायचेच असेल तर त्याच वेळी डीपीडी किटकडे वळावे, कारण ओटीचे रसायन आरोग्याला घातक मानले जाते.

प्रत्येक त्रुटीसमोर स्वतःला एक प्रश्न विचारावा: या माणसाला हे काम आत्ता, सगळे साहित्य देऊन, करायला लावले तर जमेल का? जमत असेल आणि तरी तो रोज करत नसेल, तर कारण किल्लीत, वेळेत, देखरेखीत किंवा साहित्यात आहे. जमतच नसेल, तर ती प्रशिक्षणाची बाब आहे. रात्रपाळी यांच्या जार टेस्टमध्ये दोन्ही कारणे एकत्र आहेत. यंत्र कुलपात आहे आणि ऑपरेटरला ती चाचणी शिकवलेलीही नाही. किल्लीचा निर्णय झाल्याशिवाय प्रशिक्षणाची रक्कम मागू नका, नाहीतर शिकून आलेला माणूस पुन्हा रंग पाहूनच तुरटी टाकेल.

मैत्रेयी_परिचारिका

विषय पाण्याचा आहे, तरी आमच्या रुग्णालयाचे सांगावेसे वाटते. सलाईनच्या पंपावर चुका होतात म्हणून सर्व परिचारिकांना प्रशिक्षण दिले गेले, पण चुका थांबल्या नाहीत. नंतर लक्षात आले की दोन वॉर्डांत वेगवेगळ्या कंपन्यांचे पंप होते आणि बदली झालेल्या परिचारिकांचाच गोंधळ होत होता. पंप एकसारखे केल्यावर प्रश्न पुष्कळ कमी झाला. मला विचारायचे आहे ते असे की, ज्या घटना क्वचितच घडतात त्यांचे काय? आमच्याकडे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला हाताळण्याचा प्रसंग एखाद्या वॉर्डात कित्येक महिने येत नाही. नोंदी पाहिल्या तर गरज शून्य दिसेल.

वसुधा_नि

मैत्रेयीताई, नोंदींवरून गरज काढण्याच्या पद्धतीची मोठी मर्यादा तुम्ही दाखवलीत. पाणवठा यांच्याकडे याचे नेमके उदाहरण म्हणजे टनरची गळती. कदाचित त्यांच्या केंद्रावर ती कधीच झाली नसेल, म्हणून कोणत्याही रजिस्टरमध्ये ती दिसणार नाही. म्हणून कामांची यादी करताना प्रत्येक कामाला तीन अंगांनी पाहावे: ते किती वेळा करावे लागते, चुकले तर काय होते, आणि शिकायला किती अवघड आहे. जे रोज करावे लागते ते करता करता हाताला बसते. जे क्वचित येते, चुकले तर जिवावर बेतते आणि घाईत करावे लागते, त्याचा सराव ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, तक्रार असो वा नसो.

गळतीच्या वेळी काय करायचे हे ऑपरेटरला केवळ विचारू नका, रिकाम्या टनरवर करायला लावा. अमोनियाचा बोळा फिरवून पांढऱ्या धुरावरून गळती शोधणे, श्वसन उपकरण चढवणे, गळतीची जागा वरच्या बाजूला येईल असा टनर फिरवणे म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडेल, आणि गळतीवर पाणी न मारणे. द्रव क्लोरीनचा वायू झाला की त्याचे आकारमान साडेचारशे पटींहून अधिक वाढते, त्यामुळे टनर फिरवण्याच्या एका हालचालीने फार मोठा फरक पडतो. तोंडी बरोबर उत्तर देणारे अनेक जण श्वसन उपकरणाचे पट्टे लावताना अडतात, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळते.

पाणवठा

वसुधाताई, आपण सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली, त्याचा वृत्तांत देतो.

नोंदी मांडल्यावर शेवटच्या नळांच्या बहुतेक कमी नोंदी एकाच जुन्या झोनमधील निघाल्या, आणि त्या सर्व पाळ्यांत होत्या. ती बाब आम्ही प्रशिक्षणातून काढून टाकली आणि वाहिनी तपासणीकडे दिली. उरलेल्या कमी नोंदी रात्रीच्या होत्या. टनरचा ताळाही केला, आणि लिहिलेली मात्रा व प्रत्यक्ष वापर यांत फरक आहे. त्यावर वरिष्ठांशी बोलणे सुरू आहे.

ज्ञात नमुन्यांची चाचणी ३० पैकी २२ व्हॉल्व्हमनची झाली. निम्म्याहून अधिक जणांनी ०.६ च्या नमुन्याचा आकडा बराच वाढवून सांगितला आणि कारण बहुतांशी आपण लिहिलेलेच होते, उशिरा रंग पाहणे. जार टेस्ट १२ पैकी २ ऑपरेटरांना जमली. उरलेल्यांना सहा पात्रांत वेगवेगळी मात्रा का घालायची हेच समजलेले नव्हते, आणि जलद ढवळणे संपवून संथ ढवळण्याकडे कधी जायचे यात सर्वांचा गोंधळ होता. तुरटीच्या द्रावणाची मात्रा दाखवणारी पट्टी अनेक दिवसांपासून नादुरुस्त आहे, हेही या निमित्ताने समजले. ती दुरुस्तीत घेतली आहे.

आता मागणी अशी होते आहे. व्हॉल्व्हमनची ओटी चाचणी केमिस्ट नळावरच शिकवतील, त्याला प्रशिक्षणाची तरतूद नको, फक्त किट हवेत. जार टेस्ट केंद्रावरच, सहा-सहा ऑपरेटरांच्या दोन तुकड्यांत. गळतीचा सराव बाहेरील जाणकारांकडून, वर्षातून दोन वेळा, सर्व १२ ऑपरेटर आणि केमिस्ट यांच्यासाठी. एखाद्या ऑपरेटरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या नाशिकच्या मित्रा संस्थेत पाठवावे का, याचा विचार सुरू आहे. संगणक आणि तणाव व्यवस्थापन या वर्षी मागणीत नाही.

लेखापाल

मागणी वाचली. दोन त्रुटी दिसतात. पहिली अशी की, ऑपरेटर प्रशिक्षणाला बसले की त्या पाळीत दुसरा माणूस लागणार. त्याचा अतिकालिक भत्ता प्रशिक्षणाच्या शीर्षात बसणार नाही, तो आस्थापनेतून जाईल, आणि तिथे तरतूद नसेल तर मंजूर प्रशिक्षणही होणार नाही. अनेक विभागांची प्रशिक्षणाची रक्कम मार्चमध्ये परत जाते त्यामागे हेही एक कारण असते. दुसरी वेळेची. जार टेस्ट पावसाळ्याआधी शिकवायची तर ती मे महिन्यात व्हावी लागेल. नवीन तरतूद एप्रिलपासून वापरता येते, त्यात दरपत्रके मागवण्यात काही आठवडे जातात. म्हणून केमिस्ट किंवा शेजारच्या केंद्रातील जाणकार शिकवतील अशी व्यवस्था केली तर खरेदी प्रक्रियेवर अवलंबून राहावे लागणार नाही.

रात्रपाळी

ठेकेदाराच्या माणसांचे काय ठरले? आमच्याकडे रात्री बहुतेक तेच असतात.

पाणवठा

तिथेच अडकलो आहे. ठेका करारात प्रशिक्षित मनुष्यबळ पुरवावे असे एक वाक्य आहे, त्यामुळे नगरपरिषदेने त्यांच्यावर खर्च करू नये असा आक्षेप वरून आला आहे.

चाकणकर

आक्षेप रास्त आहे. पुढील निविदेत जार टेस्ट आणि गळतीचा सराव येणे ही अट घाला, रुजू होताना नगरपरिषदेने परीक्षा घ्यावी, आणि नापास माणूस परत पाठवावा. खर्च ठेकेदाराचा.

वसुधा_नि

निविदेतील अट आणि परीक्षा या दोन्हींशी मी सहमत आहे. परंतु मी पाहिलेल्या ठिकाणी ठेकेदार बदलतो आणि माणसे तीच राहतात. प्रशिक्षणाचा खर्च प्रत्यक्षात त्यांच्या मजुरीतून वळता होण्याचा धोका असतो. शिवाय टनर गळला तर कोण कोणाच्या पटावर आहे याला अर्थ राहत नाही. गळतीचा सराव नगरपरिषदेने सर्वांना द्यावा असे माझे मत आहे. जार टेस्टचा खर्च कोणी करावा यावर मात्र माझ्याकडे सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही.

लेखापाल

गळतीचा सराव सुरक्षिततेच्या शीर्षाखाली दाखवला तर ठेक्यावरील माणसांना बसवण्यावर लेखापरीक्षणात हरकत येण्याची शक्यता कमी राहील. मात्र मुख्याधिकाऱ्यांची लेखी मान्यता आधी घ्यावी.

पाणवठा

तशी टिपणी उद्या ठेवतो. उरलेल्या ८ व्हॉल्व्हमनची चाचणी या आठवड्यात पूर्ण करायची आहे. ते सर्व पहाटेच्या पाळीचे आहेत, म्हणून केमिस्ट पाच वाजता यायला तयार झाले आहेत.